लेकराच्या झोपेसाठी जायफळ: वेढा हे माप आहे का?

आर्वीकर: तीन महिन्यांचं लेकरू रात्रभर जागून राहिलं आहे. घरचे म्हणतात, आईच्या दुधात जायफळाचे दोन-चार वेढे उगाळून चाटवा. आशाताई नको म्हणतात. मोठी माणसं तर दुधातून घेतातच. मग लेकराला का नको?

कडुनिंब: आशाताईंना नको म्हणायला काय जाते? घुटीत हिरडा, वेखंड, मुरुडशेंगेसोबत जायफळ पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. सहाणेवर एक वेढा म्हणजे नखावर मावेल एवढा लेप. तेवढ्यानं विषबाधा होत नाही. पुरणात तर अख्खं अर्धं फळ किसून टाकतात.

औषधवाला, दिग्रस: पुरणातलं अर्धं फळ पंधरा-वीस जणांत वाटलं जाते, लेकराच्या वाटीतलं एकट्याच्याच पोटात जाते. एक कोरडा हलका वेढा थोडाच असतो, हे खरं. पण वेढा हे माप नाही. सहाण नवी खरबरीत असली, हात जोरात दाबला, फळ आधी भिजत ठेवलं, तर त्याच एका वेढ्यात कितीतरी पट जास्त उतरते. शिवाय सकाळी आजी देते, रात्री माय देते, आणि एकमेकींना सांगायचं राहून जाते.

आता हिशेब पाहा. एक जायफळ साधारण पाच ग्रॅमचं. मोठ्या माणसाला एवढ्यानंही विषबाधा झालेली आहे. साठ किलोचा माणूस धरला तर पाच किलोच्या लेकराच्या वाट्याला त्याच प्रमाणात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी येते, म्हणजे दोन चिमटी. आणि हे नुसतं वजनाचं गणित झालं. तान्ह्याचं यकृत कच्चं असते, हे द्रव्य त्याच्या अंगातून लवकर निघत नाही. म्हणून त्याच्यासाठी सुरक्षित आकडा मी देणारच नाही. सहा महिने फक्त आईचं दूध.

माहेरची घुटी: माया नातवाले हगवण लागली तवा जायफय देल्लं होतं, बंद झाली. तुम्ही बंद करा म्हनता, मग हगवनीले काय द्यावं?

औषधवाला, दिग्रस: मावशी, इथं प्रश्न झोपेचा आहे, पण सांगतो. हगवणीत लेकराला धोका पाणी कमी होण्याचा असतो. आईचं दूध चालू ठेवा, ओआरएस आणि झिंक उपकेंद्रात मिळते. जायफळानं लेकरू सुस्तावलं तर ते दूध ओढणार नाही, अन् अंगातलं पाणी आणखी कमी होईल.

कडुनिंब: बरं, तान्ह्याचं मान्य. पण मोठ्यांसाठी वैद्यच देतात की.

औषधवाला, दिग्रस: देतात, आणि आयुर्वेदाच्या औषधकोशात चूर्णाची मात्रा अर्धा ते एक ग्रॅम आहे. घरात घडते ते वेगळंच. माणूस रात्री नऊला जायफळ किसून दुधात घेतो. दहापर्यंत काहीच होत नाही. म्हणून दुसरं घेतो. जायफळाचा असर यायला तीन ते सहा तास लागतात, तोवर दोन्ही फळं पोटात गेलेली असतात. मध्यरात्रीनंतर तोंड कोरडं पडते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते, लघवी अडते. मग बडबड, भास, मरणाची भीती. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली, किंवा धोतरा खाल्ला. धोतऱ्यात डोळ्यांच्या बाहुल्या हमखास मोठ्या होतात. जायफळात होतातच असं नाही, म्हणून बाहुल्या पाहून निर्धास्त होऊ नका. त्रास एक-दोन दिवसही टिकतो.

कडुनिंब: ठरलेल्या मात्रेनं झोप येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?

औषधवाला, दिग्रस: एखाद्याला येतही असेल. भरवसा नाही. मात्रा वाढवून झोप मिळवायला जाल, तर झोपेआधी विषबाधाच हाती येते. आधीच झोपेची गोळी किंवा दारू घेतली असेल तर अजिबात नको.

आर्वीकर: काल सासूबाईंनी थोडं चाटवलं होतं, आज कळलं. लेकरू आता खेळून राहिलं आहे, दूधही पिते. काय पाहायचं?

औषधवाला, दिग्रस: दूध पिते आणि नेहमीसारखं जागं आहे, हे चांगलं लक्षण. तरी आरोग्य केंद्रात आज एकदा दाखवून घ्या. हलवूनही नीट उठत नसेल, दूध ओढत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, सहा-आठ तास लंगोट कोरडी असेल, अंग ताठत असेल, तर वाट न पाहता १०८ लावा. ओकारी काढू नका, मिठाचं पाणी, ताक, तूप काही पाजू नका. सुस्त लेकराच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते. कुशीवर झोपवा. उरलेलं जायफळ सोबत न्या, आणि किती वाजता, कितीदा दिलं ते सासूबाईंना विचारून कागदावर लिहून न्या. याला उतारा औषध नाही. डॉक्टर श्वास, नाडी, सलाईन सांभाळतात, आणि त्यांना तो कागदच सगळ्यात आधी लागतो.

माहेरची घुटी: सासूले रागवू नका बाप्पा, तिनं भल्यासाठीच देल्लं. पन सहाण आता वर ठेवा.

कडुनिंब: मोठ्यांच्या चिमटीबद्दल माझं मत तेच आहे. तान्ह्याबाबतचं मागे घेतो.