मदत हवी आहे: टिश्यू आणि कंदाच्या केळीचे घड तोलायचेत, पण दोन्हीकडचा एसडी वेगळा, मग झाडं किती घ्यायची?

केळीवाली_यावल

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अडकलेय. टिश्यू कल्चरच्या बागेतल्या घडाचं सरासरी वजन आणि कंद लावलेल्या बागेतल्या घडाचं सरासरी वजन यांची तुलना करायचीय. दोन्हीकडची १०-१० झाडं आधी तोलून बघितली तर टिश्यूचा एसडी साधारण ३ किलो आला आणि कंदाचा ६, म्हणजे डबल. २.५ किलोचा फरक असेल तर तो सापडायला हवा, त्याहून कमी फरकाचं शेतकऱ्याला काही पडलेलं नसतं. पॉवर ८० टक्के, अल्फा ०.०५.

गाईड म्हणतात ३०-३० घे, ३० च्या वर मोठा नमुना असतो, विषय संपला. पण मला वाटतं हे दोन्ही एसडी सारखे धरून चाललंय. शिवाय माझी अजून एक अडचण आहे, आमच्याकडे आता जिकडे बघाल तिकडे टिश्यूच, कंदाच्या बागा शोधत फिरावं लागतं, म्हणून माझा विचार होता की टिश्यूची झाडं दुप्पट घेऊ आणि कंदाची निम्मी. ७६ आणि ३८ असं काहीतरी. चालेल का? टेस्ट वेल्चची लावणार आहे एवढं नक्की.

भरीत_पुरी

ताई एवढं काय अवघड नाही त्यात. दोन एसडींची सरासरी काढा, ३ आणि ६ ची ४.५. ती नेहमीच्या फॉर्म्युल्यात टाका, एका गटाला ५१ येतात. एकूण १०२. एकूण आकडा तेवढा ठेवला की कुठे किती घ्यायची ते तुमच्या सोयीने करा, वेल्च आहे ना शेवटी, तो सांभाळून घेतो.

तापीकाठचा

माझ्याकडे दोन्ही लावून झालंय. यंदा मृगबागेला कंदच लावणार, टिश्यूच्या रोपाचा खर्च परवडत नाही भो. कंदच बरा. पाणी मात्र सोडू नका.

केळीवाली_यावल

दादा लावायचं काय ते नाही विचारलं 😅 मोजायची किती ते विचारतेय.

जुना_मास्तर

भरीतपुरीभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. सरासरी काढायची हे ठीक, पण एसडीची नाही, वर्गाची. ९ आणि ३६ ची सरासरी २२.५, त्याचं मूळ ४.७४. तेवढ्याने ५१ चे ५७ होतात. आणि हेसुद्धा दोन्ही गट सारखे असतील तरच. गट लहानमोठे झाले की एकच सरासरी एसडी घेऊन चालत नाही, प्रत्येक गटाच्या एसडीचा वर्ग त्याच्या त्याच्या झाडांनी भागावा लागतो.

ताई, तुमच्यासाठी असं मांडतो. T म्हणजे टिश्यू, K म्हणजे कंद, k म्हणजे एका टिश्यूमागे कंदाची किती झाडं:

```
n_T = (s_T^2 + s_K^2 / k) * (1.96 + 0.84)^2 / d^2
n_K = k * n_T
```

आता आकडे घाला. (१.९६ + ०.८४) चा वर्ग साधारण ७.८५, फरकाचा वर्ग ६.२५, भागाकार १.२५६. गट सारखे घेतले तर (९ + ३६) गुणिले १.२५६, म्हणजे ५७-५७. टिश्यू दुप्पट घेतली तर टिश्यू १०२ आणि कंद ५१, एकूण १५३. उलटं केलं, म्हणजे कंद दुप्पट, तर टिश्यू ३४ आणि कंद ६८, एकूण १०२. बघा, काम तेच, पॉवर तीच, पण चुकीच्या बाजूला झाडं वाढवली की ५१ झाडं जास्त तोलावी लागतात. ज्या गटात वजन जास्त हेलकावे खातं तिथेच जास्त झाडं हवीत, कारण अनिश्चितता तिकडूनच येते. सगळ्यात कमी एकूण झाडं कधी लागतात तर झाडांचं प्रमाण एसडीच्या प्रमाणात असलं की, इथे ३:६.

तुमचे ७६ टिश्यू आणि ३८ कंद घेतले तर पॉवर ८० वरून ६६ च्या आसपास येते. तेच ११४ उलटे वाटले, ३८ टिश्यू आणि ७६ कंद, तर ८३-८४ टक्के. एकूण आकडा तोच आहे हे लक्षात घ्या.

भरीत_पुरी

ओके मास्तर, पटलं. पण मग वेल्च कशाला, तो असमान व्हेरियन्स सांभाळतो म्हणतात ना?

जुना_मास्तर

तो खोट्या फरकापासून सांभाळतो हो, कमी झाडांपासून नाही. टिश्यू १०२ आणि कंद ५१ घेऊन साधी, पूल्ड व्हेरियन्सवाली टी-टेस्ट लावली असती तर एसडी बहुतेक टिश्यूवरूनच ठरला असता, कारण झाडं तिकडे जास्त. त्यामुळे एरर खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि फरक काहीच नसताना "फरक आहे" असं निघण्याचं प्रमाण ५ टक्क्यांऐवजी १०-११ टक्के होतं. वेल्च हे ५ वर आणतो. पण त्याची किंमत डिग्रीज ऑफ फ्रीडममध्ये मोजावी लागते: पूल्डमध्ये १५१ मिळाल्या असत्या, वेल्चमध्ये त्याच झाडांना ६३ च्या आसपास. एकूण झाडं किती यापेक्षा कंदाची ५१ च आहेत हे त्याला जास्त दिसतं.

आणि म्हणूनच वरच्या फॉर्म्युल्यात १.९६ वापरलं ते थोडं आशावादी आहे. डिग्रीज ऑफ फ्रीडम काढून टी-चा आकडा घालून पुन्हा मोजलं की ३४-६८ चे ३५-७० होतात, ५७-५७ चे ५८-५८ आणि १०२-५१ चे १०६-५३. दोन-चार झाडांचा फरक, पण गट १०-१२ चे असतील तेव्हा हाच फरक बोचतो.

विश्वास नसेल तर स्वतः बघा, आरमध्ये t.test मुळातच वेल्च करतो:

```r
set.seed(1)
p <- replicate(10000,
  t.test(rnorm(35, 24, 3), rnorm(70, 21.5, 6))$p.value)
mean(p < 0.05)
```

०.८० च्या आसपास यायला हवं. आकडे बदलून ७६ आणि ३८ टाकून बघा. power.t.test वापरू नका, तो दोन्ही एसडी आणि दोन्ही गट सारखेच धरतो. एक्सेलमध्ये करणार असाल तर T.TEST मध्ये शेवटी ३ टाकायचं, २ नाही.

धुळेकर_मेडिकल

माझंही असंच आहे. पेशंटचं बीपी औषधाआधी आणि महिन्याभराने, नंतरच्या रीडिंगचा एसडी आधीपेक्षा बराच जास्त येतोय. मी पण वर्ग मिळवून हाच फॉर्म्युला लावू का?

जुना_मास्तर

नको. तुमचे पेशंट तेच आहेत, दोन गट नाहीत. प्रत्येकाचा फरक काढा आणि त्या फरकांचा एसडी घ्या, तिथे वेल्चचं काम नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

केळीवाली_यावल

मास्तर सर खूप धन्यवाद, कोड चालवला, ०.८० च्या जवळच आलं, आणि ७६-३८ टाकल्यावर खरंच ०.६६ च्या आसपास आलं, रात्री आईला दाखवलं तर ती म्हणे जेवण गार होतंय. पण कंदाची ७० झाडं आणू कुठून? टिश्यूची बाग घराशेजारी आहे, कंदासाठी सकाळी साडेपाचला गाडी काढावी लागते, तोलकाटा मागच्या सीटवर बांधून. एका कंदाच्या घडाला टिश्यूच्या चौपट मेहनत आहे असं धरा.

जुना_मास्तर

हे आधी सांगायचं ना. मग हिशोब बदलतो. मेहनत वेगळी असेल तर एसडीच्या प्रमाणाला मेहनतीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचं. एसडी दुप्पट, मेहनत चौपट, चारचं वर्गमूळ दोन, दोन भागिले दोन म्हणजे एक. बरोबर सारखे गट! ५८-५८. टिश्यूच्या एका झाडाला एक युनिट मेहनत धरली तर ५८-५८ ला २९० युनिट, ३५-७० ला ३१५, आणि तुमच्या दुप्पट टिश्यूवाल्या बेताला, १०६-५३, ३१८. म्हणजे तुमचा पहिला विचार वेडगळ नव्हता, झाडांचे आकडे मात्र कमी पडत होते.

आता मला खरी काळजी वेगळीच आहे. १० झाडांवरून ६ हा एसडी काढलात. एवढ्या झाडांत खरा एसडी ४ पासून ११ पर्यंत कुठेही असू शकतो. तो ८ निघाला तर कंद दुप्पट घेऊनही टिश्यू ५२ आणि कंद १०३ लागतात. अजून २०-२५ कंदाचे घड आधी तोला, मग ठरवा.

तापीकाठचा

मास्तर, मी मघाशी भलतंच बोललो, पण आता एक विचारतो. ताईंनी ते १० घड एकाच दिवशी तोलले का? टिश्यूची बाग बऱ्यापैकी एकदम निसवते, कटाई थोडक्यात उरकते. कंदाची तशी नाही. कंद लहानमोठे, कोणी लवकर निसवतं कोणी उशिरा, कटाई लांबत जाते. आमच्याकडे पहिल्या कटाईला दांडगे घड येतात आणि शेवटी किरकोळ. एका दिवशी गेलात तर सगळे सारखेच दिसतील. आणि पिलबागेचे घड त्यात मिसळू नका बरं का.

केळीवाली_यावल

एकाच दिवशी तोलले 😐 दुसऱ्या कटाईला.

जुना_मास्तर

झालं तर मग. हा माणूस म्हणतोय ते खरं असेल तर तुमचा ६ कमीच आहे. आधी झाडं नंबर टाकून निवडा, मग प्रत्येक कटाईला त्यातली जी तयार होतील ती तोला, शेवटपर्यंत. आणि जात? टिश्यू ग्रँड नैन आणि कंद श्रीमंती असेल तर तुम्ही लागवडीची तुलना करत नाही, जातीची करताय.

केळीवाली_यावल

दोन्हीकडे ग्रँड नैनच, ते विचारून घेतलंय. कंदाच्या तीन बागा मिळाल्यात, प्रत्येकी २० घेईन म्हणते, एकूण ६०.

जुना_मास्तर

इथे माझं नेमकं उत्तर नाही. वरचा सगळा हिशोब प्रत्येक झाड स्वतंत्र धरून आहे. एका बागेतल्या २० झाडांना पाणी एक, खत एक, जमीन एक, म्हणजे ती २० वेगळी माणसं नाहीत, एका घरातली भावंडं आहेत. झाडांमधलं नातं नुसतं ०.१ धरलं तरी २० च्या गटाला १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ पट झाडं लागतात. मग तुमचे ६० घड २०-२१ इतकेच मोजले जातात. प्रत्येक बागेतून ६ घेऊन १० बागा केल्या तर तेच १.५ पट. पण ते ०.१ आहे की ०.३ हे तुमच्या भागातल्या डेटाशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

भरीत_पुरी

१० बागा? कंदाच्या? आधी सापडू तर द्या.

तापीकाठचा

माझी एक आहे, शेजाऱ्याची एक. रावेरकडे अजून दोघं ओळखीचे आहेत, विचारतो. कटाई सुरू व्हायला अजून वेळ आहे. ताई, काटा तुमचा आणा, माझा पाव किलोने खोटा दाखवतो.

केळीवाली_यावल

येते दादा. गाईडना ३०-३० चं काय सांगू ते मात्र अजून ठरत नाहीये.