ग्रुपचं नाव भावनेचं ठेवायचं का कामाचं?

शिवारप्रेमी: व्हाट्सॲप ग्रुपच्या नावावर एवढा काथ्याकूट कामून करतेत लोकं? नाव ऐकून आपुलकी वाटली पाहिजे. आमच्या पाण्याच्या ग्रुपचं नाव 'शिवार परिवार' आहे. कुणाला माहिती पाहिजे तर डिस्क्रिप्शन वाचावं.

डावा_कालवा_पाथरी: दादा, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलो. डिस्क्रिप्शन कोण वाचतंय? ते वरच्या नावावर दाबल्याशिवाय दिसतच नाही. चॅटच्या यादीत नाव तेवढं दिसतं, तेबी पूर्ण नाही. नाव १०० अक्षरांपर्यंत देता येतं हे खरं, पण साध्या मोबाईलवर यादीत सुरुवातीचे दोनतीन शब्द दिसतेत, पुढं टिंबं. आमच्या इथं जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या दोन चाऱ्यांचे दोन ग्रुप होते, 'शेतकरी बांधव एकता ग्रुप चारी ४' आणि 'शेतकरी बांधव एकता ग्रुप चारी ५'. यादीत दोन्हीकडं 'शेतकरी बांधव एकता…' एवढंच. फरकाचा शब्द शेवटाला, म्हणजे दिसायचाच नाही. आवर्तन सुटलं तवा चारी ५ ची रात्रीची पाळी चारी ४ च्या ग्रुपवर पडली. ज्यांची पाळी ते झोपले, पाणी टेलला गेलं, वरची हरभऱ्याची रानं कोरडी राहिली. भांडण बांधावर झालं, पण मूळ नावात होतं. मग उलटं केलं: 'चारी ५ पाणीपाळी – खातेदार व पाटकरी'. आधी वेगळेपण, मग काम, मग माणसं कोण. पाटकरी ग्रुपात आहे हे नावातच दिसतंय, त्यामुळं लोकं तोंड सांभाळून लिहितेत, आणि पाळी बदलायची तर कुणाला विचारायचं तेबी कळतं.

अंबाजोगाईची_लेक: माणसं कोण ते नावात घालायचं हे सरसकट नका सांगू. आमच्या बचत गटाच्या वरच्या एका संस्थेनं 'थकीत हप्तेवाल्या महिला' असा ग्रुप काढला होता. मेसेज आला की बंद स्क्रीनवरबी ग्रुपचं नाव दिसतंय. माझ्या जावेचा मोबाईल तिच्या पोराच्या हातात होता, त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. बाईनं दोन दिवस जेवण टाकलं. नाव स्पष्ट होतं की, एकदम स्पष्ट!

डावा_कालवा_पाथरी: ताई, हे मानावंच लागंल. तिथं 'हप्ता सूचना' एवढं पुरे होतं, आणि खरं तर तसा ग्रुपच नको होता. एकेकीला फोन करायचा.

मोंढा_परभणी: खरा प्रॉब्लेम नावाचा नाहीच, गुड मॉर्निंगवाल्यांचा आहे. आमच्या 'सोयाबीन भाव' ग्रुपवर भाव सोडून सगळं येतंय. वर एका कार्यकर्त्यानं नावच बदलून साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या. आठवडाभर ग्रुप सापडंना.

डावा_कालवा_पाथरी: ते सेटिंगचं आहे भाऊ. ग्रुपच्या परमिशनमध्ये जाऊन नाव-फोटो बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. नाहीतर कुणीबी बदलतंय.

लातूर_ट्युशनवाला: नाव इंग्रजी लिपीत ठेवा म्हणजे सापडतंय. मी सर्चमध्ये chari टाइप केलं तर 'चारी' येतच नाही.

अंबाजोगाईची_लेक: आणि माझ्या सासूबाईंनी काय करायचं? त्यांना मराठीच वाचता येतंय. ग्रुप वाचणाऱ्यांसाठी आहे का शोधणाऱ्यांसाठी?

लातूर_ट्युशनवाला: भावनिक होऊ नका. माझ्याकडं बॅचचे ढीगभर ग्रुप आहेत, नुसती यादी खाली ओढत बसू का? पालकबी इंग्रजी लिपीतच टाइप करूलाले.

अंबाजोगाईची_लेक: पालक म्हणजे बापच ना तुमच्या ग्रुपात? आयांना विचारलं का कधी? माझं पोरगं लातूरला होतं तवा परीक्षेची बदललेली तारीख मला शेजारणीकडून कळली. नावात नुसते चार कॅपिटल अक्षरं आणि आकडा होता, मला वाटलं जाहिरातीचा ग्रुप आहे, म्यूट करून टाकला. दोष माझ्यावर आला.

लातूर_ट्युशनवाला: सगळ्या क्लासवाल्यांना एका मापात मोजू नका!

डावा_कालवा_पाथरी: दोघं जरा थांबा. दोन्ही लिप्या बसतेत, पण पुढं काय ठेवायचं ते ग्रुपात कोण आहे त्यावर ठरवा. आमच्याकडं म्हातारे खातेदार जास्ती, म्हणून मराठी पुढं आणि शेवटी chari 5. शेवटचं यादीत दिसत नाही, पण सर्चला सापडतंय.

लातूर_ट्युशनवाला: चला, शेवटी तरी इंग्रजी आलं. पण मी माझी पुढंच ठेवणार. वाटल्यास त्यामागं 'नीट परीक्षा बॅच पालक' मराठीत लिहितो.

शिवारप्रेमी: 'चारी ५' वाचून कुणाला आपुलकी वाटंल हो? पण आमच्याकडंबी 'शिवार परिवार' आणि 'शिवार मित्र' असे दोन आहेत आणि मागं टँकरचा मेसेज चुकीकडं गेला होता, ते कबूल करतो. 'टँकर वेळ – शिवार परिवार' चालंल का?

डावा_कालवा_पाथरी: चालंल. पण पाऊस पडून टँकर बंद झाल्यावर त्याच ग्रुपात लग्नपत्रिका येऊ देऊ नका, नाहीतर लोकं म्यूट करतेत आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमचा मेसेज कुणी बघत नाही. म्यूट केलेलं नाव बदललं तरी म्यूटच राहतं.

मोंढा_परभणी: म्हंजे प्रॉब्लेम गुड मॉर्निंगवाल्यांचाच आहे, मी आधीच सांगितलं होतं.