शब्दचर्चा: ‘कमिटमेंट कंट्रोल’ला काय म्हणायचं, आणि ‘एक्सेप्शन’ मंजूर होतो म्हणजे नक्की काय होतं?

ओळखपत्र
खरेदीच्या सॉफ्टवेअरमधले संदेश मराठीत आणायचं काम हातात आहे आणि एका शब्दावर तीन दिवस अडून बसलेय. विभागाच्या तरतुदीत पैसे उरले नाहीत की खरेदी मागणी तिथल्या तिथे थांबते. या व्यवस्थेला ‘कमिटमेंट कंट्रोल’ म्हणतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘वचनबद्धता नियंत्रण’ लिहिलं. लेखा विभागातल्या बाईंनी वाचून विचारलं, “हे लग्न जुळवणाऱ्यांसाठी आहे का?”

दुसरी अडचण ‘एक्सेप्शन’ची. मी सगळीकडे ‘अपवाद’ लिहिलं आणि एका पडद्यावर ‘आपल्या मागणीत 2 अपवाद आढळले’ असं वाक्य तयार झालं. यातून कोणाला काय कळणार?

सरळरेघ
कमिटमेंटला ‘बांधिलकी’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. आमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ‘कामाप्रती बांधिलकी’ असा रकानाच आहे. पण तिच्यावर नियंत्रण कशाला ठेवायचं ते कळलं नाही. बांधिलकी जेवढी जास्त तेवढी बरीच ना?

जुनी खतावणी
सरळरेघ, ही माणसाची बांधिलकी नव्हे, पैशाची आहे. ‘वचनबद्ध’ही टाळाच, कारण सरकारी अंदाजपत्रकांत ‘वचनबद्ध खर्च’ म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज असा न टळणारा खर्च. इथे गोष्ट वेगळी आहे. पैसे अजून गेलेले नाहीत, पण त्यांच्यावर कोणीतरी हात ठेवलाय.

मराठीत याला तयार शब्द आहे: बोजा. जमिनीवर कर्ज असलं की कागदावर बोजा चढतो आणि कर्ज फिटलं की उतरतो. जमीन मालकाचीच असते, पण मोकळी नसते. तरतुदीचं तसंच. विभागाने मागणी टाकली की तेवढ्या रकमेचा कच्चा बोजा चढतो. मागणीवरून खरेदी आदेश निघाला की कच्चा बोजा उतरून त्याच्या जागी पक्का चढतो. बिल नोंदलं की पक्काही उतरतो आणि ती रक्कम खर्चात जाते. नवी मागणी आली की व्यवस्था तरतुदीतून खर्च, पक्का बोजा आणि कच्चा बोजा वजा करून उरलेल्या रकमेशी ती ताडून पाहते.

आता ‘कमिटमेंट’ शब्दाची गंमत. पीपलसॉफ्टमध्ये अख्ख्या व्यवस्थेचंच नाव कमिटमेंट कंट्रोल आहे, आणि आत मागणीला प्री-एनकम्ब्रन्स, आदेशाला एनकम्ब्रन्स म्हणतात. ओरॅकलमध्ये मागणीचा बोजा म्हणजे कमिटमेंट आणि आदेशाचा ऑब्लिगेशन. सॅपमध्ये मागणी आणि आदेश दोन्ही कमिटमेंटच. त्यामुळे ‘कमिटमेंट म्हणजे खरेदी आदेश’ असं कोणी ठासून सांगितलं तर तो कुठल्या घरचा आहे ते आधी विचारा.

टाचणी
‘बोजा’ आवडला. पण ‘बोजा नियंत्रण’ ऐकून ट्रक जास्त भरला होता असं वाटतं. ‘तरतूद-रोख’ कसं?

ओळखपत्र
‘रोख’ला लोक नगद समजतील, टाचणी.

भांडार क्रमांक चार
रोज मागण्या मीच टाकतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. एवढं घाबरण्यासारखं काही नाही. मागणी मोठी असली की अडते. दोन तुकडे करून टाकायच्या, निघून जातात. तसंही खरे पैसे बिलाच्या वेळीच लागतात, मागणी म्हणजे नुसता कागद.

जुनी खतावणी
तुमचं अर्धं बरोबर आहे. तुकडे केल्याने जे सुटतं ती मंजुरीची मर्यादा. अमुक रकमेपर्यंत विभागप्रमुख, त्यावर वरिष्ठ, अशी साखळी असते आणि ती एकेका मागणीची रक्कम बघते. (म्हणूनच लेखापरीक्षक तुकडे शोधत फिरतात, तो भाग वेगळा.) तरतुदीची तपासणी मात्र एकत्रित शिल्लक बघते. तिथे शिल्लक 50,000 असेल तर 68,000ची एक मागणी टाका की 34,000च्या दोन, पहिली गेली तरी दुसरी अडणारच.

आणि मागणी नुसता कागद नाही. तुम्ही टाकून विसरलेली मागणी कच्चा बोजा धरून बसते आणि शेजारच्या टेबलावरची मागणी अडवते.

ओळखपत्र
आकडे घालून सांगाल का? संदेश लिहिताना मला नेमकं कुठे काय अडतं ते दिसायला हवं.

जुनी खतावणी
आमच्याकडे आलेलंच प्रकरण सांगतो, आकडे सोपे करून.

एका विभागाची दुरुस्ती-देखभालीची तरतूद 10,00,000. खर्च पडलेला 6,20,000, आदेशांचा पक्का बोजा 2,40,000, मागण्यांचा कच्चा बोजा 90,000. शिल्लक 50,000. अशात पंपाच्या दुरुस्तीची 68,000ची मागणी आली. त्या तरतुदीला 1 टक्का सवलत ठेवली होती, म्हणजे आणखी 10,000पर्यंत ताणता येतं. तरी 60,000च झाले. मागणी अडली, पडद्यावर `Exceeds Budget Tolerance`.

विभागप्रमुखांचा फोन आला: “पंप बंद आहे, एक्सेप्शन द्या.” मी म्हटलं, आधी तो 2,40,000चा बोजा कशाकशाचा आहे ते बघू. यादी काढली. त्यात 1,10,000चा एक जुना आदेश होता. पुरवठादाराने 85,000चा माल दिला, बिल झालं, पैसे गेले. उरलेला माल आता येणार नव्हता, हे विभागालाही माहीत होतं. पण आदेश कोणी बंदच केला नव्हता, त्यामुळे 25,000चा बोजा तसाच चढलेला. आदेश बंद केला. नुसतं बंद करून भागत नाही, त्या आदेशावर पुन्हा तरतूद तपासणी चालवावी लागते, तोवर बोजा हलत नाही. ती चालवल्यावर शिल्लक 75,000 झाली आणि पंपाची मागणी बिनबोभाट पुढे गेली. अपवाद कोणी दिला नाही आणि कोणाची सहीही लागली नाही.

तुमच्या संदेशासाठी आणखी एक फरक सांगतो. `No Budget Exists` असा संदेश आला तर पैसे संपलेले नसतात. विभाग, लेखाशीर्ष किंवा कालावधी यांपैकी काहीतरी चुकीचं भरलंय आणि त्या जोडीची तरतूदच व्यवस्थेत नाही. तिथे मंजुरी मागणं व्यर्थ, मागणीवरचा सांकेतांक दुरुस्त करायचा. दोन्हींना ‘निधी उपलब्ध नाही’ असा एकच मराठी संदेश लावू नका. लोक चुकीच्या दारात उभे राहतात.

टाचणी
म्हणजे पडद्यावरचा ‘एक्सेप्शन’ आणि विभागप्रमुखांचा ‘एक्सेप्शन द्या’ हे एकमेकांचे नातेवाईकही नाहीत की!

जुनी खतावणी
हेच म्हणायचं होतं. पडद्यावरचा एक्सेप्शन म्हणजे तपासणीत सापडलेली अडचण. साहेबांचा एक्सेप्शन म्हणजे ती अडचण असूनही जाऊ द्यायची परवानगी, जिला व्यवस्था ‘ओव्हरराइड’ म्हणते. दोन्हींना ‘अपवाद’ म्हटलं की ‘अपवादाला अपवाद मंजूर’ असं व्हायचं. माझं मत: पहिल्याला ‘हरकत’, दुसऱ्याला ‘अपवाद-मंजुरी’. ‘आक्षेप’ नको, तो लेखापरीक्षणाने घेऊन ठेवलाय.

ओळखपत्र
‘आपल्या मागणीवर 2 हरकती आहेत.’ वा, हे बोलल्यासारखं वाटतं! मग ‘अपवाद-मंजुरी’ दिली की पैसे येतात कुठून?

जुनी खतावणी
कुठूनही येत नाहीत. पैसे आणायचे तर दोन वाटा. दुसऱ्या शीर्षात शिल्लक असेल तर तिथून निधी वर्ग करायचा, नाहीतर वरून वाढीव तरतूद मागायची. दोन्हींत तरतुदीचा आकडा बदलतो आणि मागणी पुन्हा तपासली की हरकत आपोआप जाते. अपवाद-मंजुरीत तरतूद तशीच राहते, फक्त दार उघडतं. पंपाच्या प्रकरणात ती दिली असती तर 50,000ची शिल्लक उणे 18,000 झाली असती आणि पुढच्या महिन्यात 500ची मागणीसुद्धा अडली असती. मग तिच्यासाठी आणखी एक मंजुरी. एकदा दिली की रांग लागते ती अशी.

म्हणून तिचा अधिकार मागणाऱ्या विभागाकडे नसावा. आमच्याकडे विभागप्रमुख कारण लिहितात, अंदाजपत्रक सांभाळणारा अधिकारी आधी न बंद झालेले आदेश आणि वर्ग करता येणारा निधी तपासतो, आणि काही मार्ग नसेल तरच कळ दाबतो. कोणी, कधी दाबली ते नोंदलं जातं. ‘तातडीचे’ एवढंच लिहिलेली कारणं आम्ही परत पाठवतो. काम थांबलं तर काय बिघडेल आणि ही उणीव कुठून, कधीपर्यंत भरून काढणार, ही दोन वाक्यं हवीत.

भांडार क्रमांक चार
तुकड्यांचं मान्य. पण माझं एक खरंखुरं दुखणं आहे. 40,000च्या मागणीला रीतसर अपवाद-मंजुरी मिळाली. दर मागवले तर 46,000 आले. आदेश काढला आणि तो पुन्हा अडला! मंजुरी एकदा मिळाली होती ना?

जुनी खतावणी
ती मंजुरी मागणीला होती, आदेशाला नाही. आदेशाची तपासणी स्वतंत्र होते. मागणीचा 40,000चा बोजा उतरला, पण वरचे 6,000 नवे आहेत आणि तुमची शिल्लक आधीच उणे. ते कुठून धरायचे?

भांडार क्रमांक चार
मग सगळ्या 46,000ला नवी मंजुरी घ्यायची की फक्त 6,000ला? आमच्या लेखावाल्यांत यावरून दोन तट आहेत.

जुनी खतावणी
व्यवस्थेत ती त्या आदेशालाच दिली जाते, 6,000चा वेगळा तुकडा करून नाही. पण टिपणीवर काय लिहायचं हा ज्याच्या त्याच्या नियमांचा प्रश्न. आम्ही जुन्या मंजुरीचा क्रमांक देऊन फक्त फरकाचं कारण लिहितो. शेजारच्या विभागातले आमचेच मित्र म्हणतात की पूर्ण रकमेचं टिपण नव्याने हवं. त्यांचंही चुकतंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

टाचणी
शीर्षक राहिलंच. ‘तरतूद-बोजा नियंत्रण’?

ओळखपत्र
लांब आहे, पण अर्थ पोचतो. यादीवर तेच टाकते. बटणावर मावलं नाही तर नुसतं ‘तरतूद तपासणी’. काल रात्री दोन्ही संदेश वेगळे केले:

‘हरकत: या मागणीने तरतुदीची शिल्लक आणि सवलत दोन्ही ओलांडली आहे.’

‘हरकत: दिलेल्या विभागासाठी व लेखाशीर्षासाठी तरतूद नोंदलेली नाही. सांकेतांक तपासा.’

सरळरेघ
दुसऱ्यात ‘कालावधी’ही घाला. जुनी खतावणी यांनी तिन्ही सांगितले होते.

ओळखपत्र
घातला. आणि सरळरेघ, तुमच्या मूल्यमापनाच्या रकान्याला ‘बोजा’ सुचवू का?