फळ्याच्या फोटोवरून गुणतक्ता लावून द्याल का? रविवारी किती फरकाने जिंकायचं, ते ठरवायचंय

अनघा_घणसोली

नमस्कार मंडळी. आमच्या नोडच्या टेनिस क्रिकेट टीमचं सगळं व्यवस्थापन मी बघते. स्पर्धा 8 ओव्हरची, ग्रुपमध्ये चार टीम, जिंकल्यावर 2 गुण, आणि ग्रुपमधून एकच टीम सेमीला जाते. आयोजकांनी काल रात्री ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकला. फ्लडलाइटचा उजेड नेमका गुणांच्या रकान्यावर पडल्यामुळे अर्धे आकडे गेलेत. जेवढं वाचता आलं तेवढं जसंच्या तसं उतरवते:

```
AIR 71/5 (8)   GHN 64 (7.2)     AIR
VSH 57/7 (8)   GHN 58/3 (6.4)   GHN
VSH 88/4 (8)   AIR 61/8 (8)     VSH
AIR - KAL      N/R
KAL - VSH      W/O
GHN - KAL      रवि 7.30
```

GHN म्हणजे आम्ही. गुणांत AIR 3 आणि GHN 2 एवढंच स्पष्ट दिसतंय. VSH चा आकडा पूर्ण पांढरा झालाय. KAL समोर 1 आहे की 3, कळत नाही. शेवटच्या रकान्यात नेट रनरेट आहे: आमचा +0.971, VSH चा +0.799.

यावरून मुलं खूश आहेत, म्हणतात नुसतं जिंकलो तरी पुरे. मला खात्री वाटत नाही. आणि 7.30 सकाळचे की संध्याकाळचे? आयोजकांचा फोन लागत नाहीये.

पराग_ऐरोली

ताई, नेट रनरेट चुकलाय. 7.2 म्हणजे सात ओव्हर आणि दोन चेंडू. फळ्यावर ज्याने हिशेब केला त्याने 7.2 आणि 6.4 सरळ कॅल्क्युलेटरवर टाकून 13.6 केले आणि 122 ला त्याने भागलं. चेंडू मोजा: 44 आणि 40, मिळून 84, म्हणजे बरोबर 14 ओव्हर. 122 भागिले 14 म्हणजे 8.714. तुमच्याविरुद्ध 16 ओव्हरमध्ये 128 धावा झाल्या, म्हणजे 8. त्यामुळे तुमचा खरा आकडा +0.714.

VSH चाही तसाच चुकलाय, कारण तुमचे 6.4 त्यांच्या विरुद्ध बाजूला जातात. त्यांचा +0.949 होतो. म्हणजे तुम्ही पुढे नाही, थोडे मागे आहात. आमची AIR 3 वर थांबली, आमचं काही राहिलं नाही.

मंदार_नेरुळ

माझाही असाच एक प्रश्न आहे, इथेच विचारतो. मुलीच्या शाळेच्या खो-खो स्पर्धेच्या वेळापत्रकाचा फोटो आलाय, त्यात तिच्या टीमसमोर BYE लिहिलंय. BYE आणि W/O एकच ना? म्हणजे एक सामना जिंकल्यात जमा?

पॅडवाला_स्कोअरर

मंदार, एक नाहीत. BYE मध्ये समोर टीमच नसते, ड्रॉ काढतानाच ती पुढच्या फेरीत गेलेली असते. W/O मध्ये सामना ठरलेला असतो आणि एक टीम उतरत नाही. तुमच्या मुलीचा पहिला सामना दुसऱ्या फेरीचा आहे, तारीख त्या फेरीची बघा.

आता अनघाताईंचं. पराग, चेंडूंचा हिशेब बरोबर केलात, पण एक गोष्ट राहिली. GHN च्या पहिल्या सामन्यात 64 पुढे विकेटचा आकडाच नाही, म्हणजे टीम ऑलआउट झाली. ऑलआउट झालेल्या टीमने ओव्हर शिल्लक ठेवल्या तरी रनरेटसाठी पूर्ण कोटा धरतात. 2025 च्या महिला विश्वचषकात आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर श्रीलंकेचा डाव बांगलादेशविरुद्ध 48.4 ओव्हरमध्ये 202 वर आटोपला. रनरेटला ते 202 धावा 50 ओव्हरमध्ये असेच धरायचे. नाहीतर लवकर बाद होणाऱ्या टीमलाच फायदा झाला असता.

त्यामुळे तुमचे 7.2 विसरा, 8 धरा. 48 आणि 40 मिळून 88 चेंडू, म्हणजे 14.667 ओव्हर. 122 ला भागलं की 8.318, वजा 8, उत्तर +0.318. VSH त्यांच्या सामन्यांत ऑलआउट झालेली नाही, त्यांचा +0.949 हा परागचा आकडा कायम.

अनघा_घणसोली

बापरे, 0.971 वरून 0.318? मग जिंकून काय उपयोग?

पॅडवाला_स्कोअरर

उपयोग आहे, पण आधी W/O कोणाला मिळाला ते बघू, कारण सगळं त्यावर फिरतंय. फळ्यावर KAL - VSH समोर नुसतं W/O लिहून काम भागत नाही, टीमचं नाव लागतं.

VSH ला मिळाला असेल तर VSH चे 4 आणि KAL चा 1. KAL ला मिळाला असेल तर KAL चे 3, VSH चे 2. दुसऱ्या परिस्थितीत तुम्ही जिंकलात की 4 वर एकटे, रनरेट लागतच नाही. पहिल्या परिस्थितीत तुम्ही आणि VSH दोघे 4 वर.

बेरीज करून इथे काही सुटत नाही. पाच सामन्यांचे मिळून 10 गुण, त्यातले AIR आणि GHN चे 5 गेले, उरलेले 5 हे 4 आणि 1 किंवा 2 आणि 3. दोन्ही बसतात. पण KAL समोरचा आकडा 1 की 3 हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल. फोटो मोठा करून बघा: आकड्याच्या उजव्या बाजूला मधे खाच दिसतेय का? खाच असेल तर 3, सरळ उभी रेघ असेल तर 1. ग्रुपवर आलेला फोटो दाबलेला असतो, त्यामुळे ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागवा.

N/R चा रनरेटशी संबंध नाही. 26 ऑक्टोबर 2025 ला त्याच मैदानावर भारताने बांगलादेशविरुद्ध 8.4 ओव्हरमध्ये बिनबाद 57 केल्या होत्या, पावसाने सामना गेला. दोघांना एकेक गुण, 57 धावा रनरेटच्या हिशेबात नाहीत. W/O मध्येही तसंच, तिथे तर चेंडूच पडलेला नसतो. KAL चा रनरेट रकाना रिकामा किंवा आडवी रेघ असेल, तर ते बरोबर आहे.

राहुल_कळंबोली

एक मिनिट, KAL म्हणजे कळंबोली की कळवा? आम्ही या स्पर्धेत उतरलो नाही. आमची मुलं दुसरीकडे खेळतात तेव्हा KLB लिहितात. मला वाटतं ही कळव्याची टीम आहे. वॉकओव्हरबद्दल विचारायचं तर त्यांच्या कॅप्टनला विचारा, आम्हाला फोन करू नका. काल दोन फोन येऊन गेले.

अनघा_घणसोली

राहुलदादा, माफ करा, मुलांनीच केले असतील. सांगते त्यांना. मूळ फाइल मिळाली. KAL समोर उभी रेघ आहे, 1 च. आणि स्कोअररच्या वहीचा फोटोही मिळाला, त्यात लिहिलंय की KAL ची टीम वेळेत मैदानावर पोहोचली नाही. म्हणजे VSH चे 4.

आता किती फरक लागेल ते सांगा.

पॅडवाला_स्कोअरर

दोन्ही बाजूंनी उदाहरण घेऊन सांगतो.

आधी बॅटिंग आली आणि तुम्ही 8 ओव्हरमध्ये 70 केल्या असं धरू. तुमच्या एकूण 192 धावा, 22.667 ओव्हर, म्हणजे 8.471. VSH च्या 0.949 च्या पुढे जायचं तर विरुद्धचा रेट 7.52 पेक्षा थोडा जरी वर गेला तरी चालणार नाही. विरुद्ध एकूण 24 ओव्हर होणार, त्यात जास्तीत जास्त 180 धावा. त्यातल्या 128 आधीच झाल्यात. उरल्या 52. म्हणजे KAL ला 52 वर थांबवायचं, 18 धावांनी जिंकायचं. 17 ने जिंकलात तर VSH पुढे. ते ऑलआउट झाले तरी त्यांच्या 8 ओव्हरच धरायच्या, तो नियम त्यांनाही लागतो.

पाठलाग आला आणि KAL ने 60 केल्या असं धरू. 61 धावा 6.1 ओव्हरमध्ये, म्हणजे 37 चेंडूंत व्हायला हव्यात. 38 वा चेंडू लागला तर जिंकूनही बाहेर. पण एक बारकावा मुलांना नक्की सांगा: 60 वर बरोबरी असताना चौकार गेला तर धावा 64 होतात आणि 6.3 पर्यंत चालतं. षटकार गेला तर 6.4 पर्यंत. एकेरी घेऊन जिंकण्यापेक्षा तिथे मोठा फटका हवा.

समोरच्याचा स्कोअर बदलला की हे सगळे आकडे बदलतात. इनिंग संपली की दहा मिनिटांत नव्याने मांडा, मैदानावर एकाला कागद घेऊन बसवा.

पराग_ऐरोली

ऑलआउटचा नियम मला माहीत नव्हता, पॅडवाल्यांनी छान सांगितलं. पण ताई, तुम्ही VSH ला हरवलंय ना? बऱ्याच लोकल स्पर्धांत गुण सारखे झाले की आधी आपसातला सामना बघतात, रनरेट नंतर. तसं असेल तर रविवारी एका धावेनेही पुरतं. नियमपत्रकात बघा. आणि पुढच्या वेळी स्कोअरिंग क्रिकहीरोजवर करायला सांगा, तिथे गुणतक्ता आपोआप लागतो, फळ्याचा फोटो काढायची गरजच पडत नाही.

पॅडवाला_स्कोअरर

परागचा मुद्दा महत्त्वाचा आहे, हे मी आधीच विचारायला हवं होतं. अ‍ॅप चांगलं आहे, पण त्यात स्पर्धेचा टायब्रेकर कोणता ते आयोजकांनीच ठरवावं लागतं.

वेळेबद्दल: फोटोत रविवारच्या रकान्यात 7.30 च्या वरती काय आहे?

अनघा_घणसोली

वरून 7.30, 8.45, 10.00, मग थोडी जागा सोडून 5.00, 6.15 आणि आमचं 7.30.

पॅडवाला_स्कोअरर

मग संध्याकाळचे. सव्वा तासाचं अंतर सगळीकडे सारखं आहे आणि तुमचं 6.15 नंतर येतं. सकाळचं 7.30 वेगळं, दुसऱ्या ग्रुपचं असेल. तरी त्या रांगेतल्या दोन टीमची नावं एकदा तपासून घ्या.

अनघा_घणसोली

तपासलं, सकाळी आमच्या ग्रुपच्या बाहेरच्या टीम आहेत. आमचं संध्याकाळचंच.

आयोजकांचा मेसेज आता आला. रनरेट पुन्हा मोजू म्हणाले. आपसातला सामना आधी की रनरेट आधी, ते पत्रकात छापलेलं नाही, रविवारी 7 वाजता टॉसच्या आधी कॅप्टनच्या मीटिंगमध्ये सांगणार आहेत. तोवर मुलांना 18 धावा आणि 37 चेंडू हेच डोक्यात ठेवायला सांगितलंय.