रेंडरमध्ये मातीची भिंत उकळते: सॅम्पल्स वाढवू की डिनॉइजर बदलू?

जळगावची_केळी: धाब्याच्या घराचा आतला सीन आहे, ब्लेंडरच्या सायकल्समध्ये. लहान खिडकीतून आभाळाचा उजेड, कॅमेरा हळूहळू चुलीकडे सरकतो. ७२० फ्रेम्स, १२८ सॅम्पल्स, नॉइज पुसायला ओपन इमेज डिनॉइज. एकेक फ्रेम स्वच्छ, पण व्हिडिओ लावला की भिंत उकळल्यासारखी हलते. फ्रेमला एक मिनिट लागतं. काय करू?

धुळेकर_भाऊ: दर फ्रेमला नॉइज बदलणारं सीडजवळचं घड्याळ बंद कर. सगळ्या फ्रेम्सना एकच नॉइज मिळेल, मग भिंत हलणारच नाही.

सराफ_गल्ली: मी बांगड्यांच्या छापील जाहिराती करतो. ६४ सॅम्पल्स आणि डिनॉइजर, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. उगाच वाढवू नका.

पारोळ्याची_ताई: दादा, तुमची एकच स्थिर फ्रेम असते, तिथे हा रोग दिसणारच नाही. आणि भाऊ, तुमचं म्हणणं कॅमेरा स्थिर असेल तर खरं. इथे कॅमेरा सरकतोय, म्हणजे डाग पडद्यावर तिथेच राहतील आणि भिंत त्यांच्यामागून जाईल, मळक्या काचेतून पाहिल्यासारखी. घड्याळ चालूच ठेवा.

हा डिनॉइजर प्रत्येक फ्रेम एकटी पाहतो. नॉइज जास्त असला की भिंतीचा पोत तो अंदाजाने भरतो, आणि दर फ्रेमला अंदाज वेगळा. म्हणून आधी डिनॉइजर बंद करून सलग १६ फ्रेम्स काढा. कच्च्या नॉइजमध्ये लिंपणाच्या रेघा तुम्हाला ओळखू येत नसतील, तर डिनॉइजरलाही येणार नाहीत.

धुळेकर_भाऊ: मग सरळ ५१२ कर.

पारोळ्याची_ताई: नॉइज निम्मा व्हायला सॅम्पल्स चौपट लागतात. आज १२ तास लागतात, ते ४८ होतील, आणि मधे लाइट गेली की संपलं. त्याआधी खिडकीत एरिया लाइट बसवून त्याचं `Portal` चालू करा. आभाळाचा उजेड नेमका तिथून शोधला जातो. जमिनीवरच्या उन्हाच्या कवडशातून भिंतीवर उसळणाऱ्या उजेडाला मात्र त्याचा उपयोग नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मागच्या फ्रेमशी मेळ घालणारा ऑप्टिक्स डिनॉइजर वापरा. `Vector` आणि `Denoising Data` पास चालू, मोशन ब्लर आणि नेहमीचा डिनॉइजर बंद, फाइल `OpenEXR MultiLayer`. रेंडर झाल्यावर पायथन कन्सोलमध्ये हे चालवा:

```python
import bpy
bpy.context.scene.cycles.denoiser = 'OPTIX'
bpy.ops.cycles.denoise_animation()
```

मूळ फायलींवरच लिहिलं जातं, आधी कॉपी ठेवा.

धुळेकर_भाऊ: मी तरी सॅम्पल्सवरच भरवसा ठेवतो. कच्चा माल चांगला तर डिनॉइजरला कामच कमी.

जळगावची_केळी: ताई, पोर्टल आणि २५६ सॅम्पल्सवर १६ फ्रेम्स काढून ऑप्टिक्स चालवलं. भिंत शांत झाली! पण चुलीच्या धुरामागे पुसट शेपूट ओढलं जातंय.

पारोळ्याची_ताई: ते होणारच. व्हेक्टर पास भिंतीची हालचाल सांगतो, धुराची नीट सांगत नाही. धूर वेगळ्या व्ह्यू लेयरवर घ्या आणि त्याला जुनाच डिनॉइजर लावा.

धुळेकर_भाऊ: मग चुलीचा उजेड धुरावर कसा पडेल?

पारोळ्याची_ताई: भिंती त्या लेयरमध्ये होल्डआउट ठेवून पाहा, चुलीचे दिवे तसेच राहू द्या. धुराची भिंतीवरची सावली जुळेल की नाही, ते मी अजून करून पाहिलेलं नाही.