टॅगगणिक वेगळा थ्रेशोल्ड: गरज की पळवाट?

पाऊलवाट: फोटोंना टॅग लावताना प्रत्येक टॅगचा थ्रेशोल्ड वेगळा ठेवणं ही पळवाट आहे. मॉडेल नीट शिकलं असेल तर सगळ्यांना 0.5 पुरतो. दुर्मिळ टॅग येत नसतील तर `pos_weight` वाढवा, थ्रेशोल्डशी खेळू नका.

गारगोटी: हा सल्ला वाचून गप्प बसवेना. 'छत्री' हा टॅग शंभरात दोन फोटोंवर आहे असं धरा. एका फोटोत गर्दीत अर्धवट काहीतरी काळं गोल दिसतंय आणि मॉडेल 0.3 म्हणतं. ते बरोबरच सांगतंय: अशा दहा फोटोंपैकी तिघांत खरंच छत्री असते. मग तो टॅग दाखवायचा की नाही, हे चुकीचा टॅग जास्त खुपतो की सुटलेला यावर ठरतं. 0.5 फक्त दोन्ही चुका सारख्याच खुपत असतील तेव्हा योग्य.

आता तुमचा उपाय. निगेटिव्ह-पॉझिटिव्हचं प्रमाण म्हणून `pos_weight` 49 दिलात, तर आदर्श स्थितीत आउटपुट असं सरकतं:

```
q = 49*p / (49*p + 1 - p)
```

0.3 चं 0.95 होतं. आणि 0.02 चं बरोब्बर 0.5! म्हणजे जिथे छत्री असण्याची शक्यता शंभरात दोन, तिथेही तुम्ही टॅग लावायला तयार. थ्रेशोल्ड तुम्हीही हलवलातच, फक्त तो लॉसमध्ये दडवलात आणि आकडा निवडायची संधी घालवलीत.

निळाई: माझंही हेच झालंय. 'समुद्र' 0.9, 'सूर्यास्त' 0.8, 'माणूस' 0.7, बेरीज 1 च्या वर जाते. सॉफ्टमॅक्स लावला तर सुटेल ना?

गारगोटी: नाही. तिन्ही गोष्टी एकाच फोटोत असू शकतात, म्हणून बेरीज 1 व्हायलाच नको. सॉफ्टमॅक्स लावलात की समुद्र वाढला की माणूस घटेल. वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा.

पाऊलवाट: सूत्र कागदावर ठीक आहे. माझ्या व्हॅलिडेशनमध्ये छत्रीचे फोटो 12. F1 बघून थ्रेशोल्ड काढला तर एका विभागणीत 0.81 येतो, दुसरीत 0.37. दोन फोटो इकडचे तिकडे झाले की आकडा बदलतो. याला तुम्ही ट्यूनिंग म्हणता?

गारगोटी: 12 फोटोंवर काढलेल्या थ्रेशोल्डवर मीही विश्वास ठेवणार नाही, एवढं मान्य. दुर्मिळ टॅगांचा एक गट करून सगळ्यांना मिळून एकच थ्रेशोल्ड काढा, आणि तोही सगळ्या फोल्डांचे स्कोअर एकत्र करून. पण 0.81 पाहून मला वेगळीच शंका येते. आउटपुट खरी शक्यता सांगत असेल तर F1 साठीचा सर्वोत्तम थ्रेशोल्ड त्या सर्वोत्तम F1 च्या निम्मा असतो, 0.5 च्या वर जाऊच शकत नाही. हे आकडे `pos_weight` लावूनच आलेत ना?

पाऊलवाट: हो, 49 च. पण त्याशिवाय छत्री शिकतच नाही, स्कोअर सगळे शून्याला चिकटतात.

खडूफळा: तुम्ही दोघं थ्रेशोल्डवर भांडताय, आणि लेबलं कोण बघतंय? मी लेबलिंग करायचो. समोर टॅगांची लांबच लांब यादी, फोटोमागे काही सेकंद. ठळक दिसेल त्यावर टीक करायची आणि पुढे. मागे कोपऱ्यातल्या छत्रीवर कोणी टीक करत नव्हतं. नंतर आम्हालाच ऐकवलं, "तुमचा डेटा खराब". रिकामी चौकट म्हणजे 'नाही' असं आम्ही कधीच सांगितलं नव्हतं! ते तुमच्या लॉसने ठरवलं.

गारगोटी: हे मुद्द्याचं आहे. `Open Images` मध्ये माणसाने तपासून 'आहे' आणि 'नाही' असं दोन्ही नोंदवलेलं असतं. बाकीचं तपासलेलंच नसतं. तिथे न तपासलेल्या जागा लॉसमधून वगळता येतात:

```
l = F.binary_cross_entropy_with_logits(z, y, reduction='none')
loss = (l * mask).sum() / mask.sum()
```

पाऊलवाट: माझ्याकडे तसा मास्क नाही. नुसत्या टिका आहेत.

खडूफळा: मग छत्रीचा सर्वात जास्त स्कोअर असलेले पण टीक नसलेले फोटो उघडा आणि डोळ्यांनी बघा. त्यांत खऱ्या छत्र्या निघाल्या तर मॉडेल नाही, टिका चुकल्यात. अशा व्हॅलिडेशनवर प्रिसिजन वाढावं म्हणून थ्रेशोल्ड चढवलात तर बरोबर टॅगच कापाल.

पाऊलवाट: वरचे तीस उघडले. बऱ्याच फोटोंत छत्री आहे. ठीक, 12 हा आकडाच खोटा होता. तरी `pos_weight` मी पूर्ण सोडणार नाही, कमी करून बघेन.

गारगोटी: ठेवा, पण मग 0.5 ला चिकटू नका. आधी ती व्हॅलिडेशनची लेबलं पुन्हा तपासून घ्या.

खडूफळा: आणि तपासणाऱ्याला फोटोमागे पुरेसा वेळ द्या.