मदत हवी आहे: वाचनचाचणीत गुण भरपूर, पण लेख समजलेला नसतो

खडकवाचक

मी एका महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र शिकवतो. या सत्रापासून काही घटक फ्लिप्ड क्लासरूम पद्धतीने घेत आहे, म्हणजे विद्यार्थी लेख घरून वाचून येतात आणि तासाचा वेळ चर्चेला व उदाहरणांना मिळतो. कोयनेच्या भूकंपावरचा सहा पानांचा मराठी लेख मी स्वतः तयार करून दिला होता आणि तो वाचला आहे की नाही हे पाहण्यासाठी गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची चाचणी ठेवली होती. भूकंप कोणत्या वर्षी झाला (1967), जलाशयाचे नाव काय (शिवसागर), धरणाची उंची किती (103 मीटर), असे ते प्रश्न होते. बहुतेकांना आठ-नऊ गुण मिळाले. मात्र तासाला, "पाणी साठल्याने भूकंप का व्हावा?" असे विचारले तेव्हा ज्यांनी तोंड उघडले त्या सर्वांनी "पाण्याच्या वजनाने जमीन दबली" एवढेच सांगितले. लेखात नेमके याच्या उलट लिहिले आहे. चाचणीत कोणता बदल करावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

तास_पहिला

सर, हा सरळसरळ नकलेचा प्रकार दिसतो. एक जण फॉर्म भरतो आणि उत्तरे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचतात. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा, दहा प्रश्नांना पाचच मिनिटे द्या आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा करा. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून सरासरी लगेच खाली आली.

गोदाकाठ

सरासरी खाली आली म्हणजे वाचन वाढले असे म्हणता येणार नाही. क्रम बदलण्याची सूचना योग्य आहे आणि ती अमलात आणायला काही कष्टही पडत नाहीत. वेळेची मर्यादा मात्र सावकाश वाचणाऱ्याला शिक्षा करते, आणि ज्याने लेख उघडून शोधपेटीत "उंची" हा शब्द टाकला त्याला पाच मिनिटे पुरून उरतात. खडकवाचक सर, आपल्या प्रश्नांची उत्तरे लेखात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतात, आणि माझ्या मते मूळ अडचण तीच आहे.

चाचणी पाठवण्यापूर्वी एक सोपी कसोटी घेऊन पाहावी. ज्याने लेख वाचलेला नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला, शक्यतो दुसऱ्या विषयाच्या, ती सोडवायला द्यावी. त्याला जे प्रश्न सुटतील ते सामान्यज्ञान तपासतात. मग लेख समोर ठेवून पुन्हा द्यावी आणि जे प्रश्न केवळ चाळून सुटतात तेही बाजूला काढावेत. दहापैकी दोन-तीन उरले तरी चालेल, कारण वर्गापूर्वीच्या चाचणीला तेवढे पुरतात.

आपल्याच लेखावरून एक प्रश्न सुचवतो. लेखाचा युक्तिवाद मला वाटते असा असावा की, खोलवरच्या भ्रंशावर ताण आधीच साठलेला होता, पाणी भेगांतून झिरपले, तेथील पाण्याचा दाब वाढला, त्यामुळे भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी पडले आणि ताण मोकळा झाला. तसे असेल तर असे विचारावे:

"तेवढेच खोल धरण अशा प्रदेशात बांधले की जेथील खडकांत ताण साठलेला नाही. लेखातील स्पष्टीकरणानुसार काय अपेक्षित आहे?
क) पाण्याचे वजन तेवढेच असल्याने तसाच भूकंप.
ख) मोठ्या भूकंपाची शक्यता फार कमी.
ग) तसाच भूकंप, पण बऱ्याच वर्षांनी.
घ) लेखावरून काहीच सांगता येणार नाही."

हा प्रदेश लेखात कोठेही नाही, त्यामुळे शोधपेटी उपयोगी पडत नाही. शिवाय प्रत्येक चुकीचा पर्याय काही ना काही सांगतो. "क" निवडणाऱ्याच्या डोक्यात वजनाची कल्पना पक्की आहे. "ग" निवडणाऱ्याने पाणी झिरपायला वेळ लागतो हे लक्षात घेतले, परंतु ताणाचा भाग सोडून दिला. कोणीही निवडणार नाही असा पर्याय केवळ चारची संख्या भरून काढतो, तो ठेवू नये.

शेवटी एक मोकळा प्रश्न अवश्य ठेवावा: "लेखातील कोणता भाग अवघड वाटला? काहीच अवघड वाटले नसेल तर सर्वांत रंजक काय वाटले?" हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर हा प्रश्न वापरत आले आहेत. दुसऱ्या वाक्यामुळे "सर्व समजले" असे लिहून सुटका होत नाही.

शाळामास्तर_९वी

आमच्या नववीच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी स्वतंत्र फोन नाही, त्यामुळे ऑनलाइन परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न मलाही पडलेला आहे. मी तासाच्या सुरुवातीला कागदावर पाच प्रश्न घेतो आणि तपासून दोन दिवसांनी परत देतो. हे चालेल का?

गोदाकाठ

मास्तर, कागद चालतो, पण येथे परीक्षेची गोष्ट चाललेली नाही. उत्तरे तासापूर्वी शिक्षकाच्या हाती असावीत, म्हणजे तास कोठून सुरू करायचा हे ठरवता येते. आपण लेख दोन दिवस आधी देऊन चिठ्ठ्या आदल्या दिवशीच्या शेवटच्या तासाला गोळा केल्या, तर फोनावाचूनही हे साधेल.

खडकवाचक

मागच्या आठवड्यात त्याच लेखावर पुन्हा चाचणी घेतली. तीन प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न ठेवला, आणि मुदत आदल्या रात्री नऊपर्यंत दिली. फॉर्मच्या सेटिंगमध्ये गुण जाहीर करण्यासाठी "Later, after manual review" हा पर्याय निवडला, त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्याने पाठवताच बरोबर उत्तरे बाहेर पडली नाहीत. गोदाकाठ यांच्या प्रश्नाला जवळजवळ निम्म्या वर्गाने "क" निवडले आणि "ख" निवडणारे एक तृतीयांशाच्या आसपास होते.

तासाला उत्तर न सांगता तोच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायला सांगितले. मध्ये एकच आकडा पुरवला: शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण दहा बार असतो, तर पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब त्याच्या शंभर पटींहून जास्त असतो. पुन्हा हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेकजण "ख"कडे वळले होते.

मोकळ्या प्रश्नात एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "वजन कारण नसेल तर पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्के का वाढतात?" उरलेला तास त्यावरच गेला, आणि चांगला गेला. आता शंका एवढीच आहे की या चाचणीला अंतर्गत मूल्यमापनातले गुण द्यावेत का.

गोदाकाठ

उत्तम. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हाच शेजाऱ्याशी चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर आधी स्वतः समजावून द्यावे, आणि जास्त असतील तर पुढे जावे. आपण खालच्या काठावर होतात, आणि तो आकडा दिला नसता तर कदाचित "क"वालेच जिंकले असते. गुण उत्तराच्या अचूकतेला न देता प्रामाणिक प्रयत्नाला द्यावेत असे माझे मत आहे. चुकल्यावर गुण जाणार असतील तर विद्यार्थी आपला गैरसमज लपवतील, आणि आपल्याला तर नेमका तोच पाहायचा आहे.

तास_पहिला

येथे मात्र मी सहमत नाही. प्रयत्नाला गुण म्हणजे रात्री पावणेनऊ वाजता काहीतरी टेकवून मोकळे होणे. प्रामाणिक प्रयत्न कोणता आणि दोन ओळींची खानापूर्ती कोणती, हे साठ जणांच्या वर्गात कोण ठरवणार?

गोदाकाठ

मी मोकळ्या प्रश्नाचे उत्तर पाहून ठरवतो, आणि त्यात लेखातील एखाद्या ठरावीक परिच्छेदाचा उल्लेख हवा अशी अट घालतो. साठ उत्तरे वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. एकशे वीसच्या वर्गात हे कसे निभावेल, ते मला अजून जमलेले नाही. कोणी करत असल्यास लिहावे.